बियाणं उगवलं नाही अशा कमेंट आल्या तर पेजवर काय करायचं? (मुलाखतीतला प्रश्न)

दारव्ह्याची लेक: परवा अकोल्यात एका बियाणे कंपनीत सोशल मीडिया एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मुलाखत दिली. त्यांनी प्रसंग दिला: जूनचा शेवट, सोयाबीनच्या पोस्टवर 240 कमेंट, बहुतेक "उगवलंच नाही" अशा. एंगेजमेंट नेहमी 2 टक्के असते, या पोस्टची 5 टक्के झाली. पहिल्या तासात काय कराल? मी म्हटलं, एंगेजमेंट वाढली ही चांगली बाजू आहे, आणि सगळ्यांना "इनबॉक्समध्ये या" असं लिहीन. समोरचे गप्प झाले. चुकलं कुठे?

पेजवाला: इनबॉक्सचं बरोबरच आहे. पण आधी वाईट कमेंट हाइड करायच्या. लिहिणाऱ्याला त्या दिसत राहतात, बाकीच्यांना नाही, म्हणजे बोभाटा होत नाही. आणि उघड उत्तर दिलं की उद्या ग्राहक मंचात तोच स्क्रीनशॉट कबुली म्हणून पुढे येतो.

तुरीचं वावर: ताई, माह्या वावरात मागच्या साली हेच झालं. चार बॅगा पेरल्या, आठव्या दिवशी तासात बोट घालून पाह्यलं तर दाणा फुगून सडलेला. पेजवर लिवलं, कोनी उत्तर देल्लं नाई. तुम्ही तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पंचनामा होते. बिल, पिशवी अन् टॅग फेकू नका, थोडं बियाणं बी राखून ठेवा.

दारव्ह्याची लेक: दादा, माझं बियाणं नाही, मुलाखतीतला प्रश्न होता. पण तुम्ही लिहिलंत ते कामाचं आहे.

नऊ हंगाम: मी खत-बियाण्याच्या कंपन्यांची पेजेस नऊ हंगाम सांभाळली आहेत. पहिल्या तासातलं पहिलं काम कमेंटचं नाहीच, कॅलेंडरचं आहे. महिनाभराच्या पोस्ट आधीच शेड्यूल केलेल्या असतात. त्याच संध्याकाळी सहाला हिरव्यागार शेताचा फोटो आणि "भरघोस उत्पादनाची हमी" अशी पोस्ट आपोआप पडली, तर तिच्याखाली काय होईल ते सांगायला नको. माझ्याकडे एकदा हे झालं आहे. म्हणून आधी शेड्यूल थांबवायचं, पैसे देऊन चालू असलेली जाहिरातसुद्धा.

मग आकडा. पोस्ट 9,000 लोकांपर्यंत गेली. 110 लाइक, 240 कमेंट, 100 शेअर, मिळून 450, म्हणजे 5 टक्के. या हिशेबात शिवी आणि शाबासकी यांचं वजन सारखंच असतं. लाइकपेक्षा कमेंट दुपटीने जास्त आहेत, खरी खूण तिथे आहे. त्या 240 एकेक वाचायच्या. मी अशीच एक पोस्ट वाचली तेव्हा एकाच माणसाच्या चार-चार कमेंट आणि मित्रांना नुसतं टॅग केलेलं वगळून वेगळे शेतकरी 70 निघाले, आणि त्यातले 41 एकाच लॉटचे. व्यवस्थापकाला टक्केवारी सांगून काही कळलं नसतं. हे 41 सांगितल्यावर दुपारी शेतात माणूस गेला.

हाइड करण्याबद्दल: फेसबुकवर ती कमेंट लिहिणाऱ्याच्या मित्रांनाही दिसत राहते, आणि गावात मित्र म्हणजे अर्धं गाव. हाइड फक्त शिवीगाळ आणि कोणाचा फोन नंबर असेल तर. पहिलं उत्तर कमेंटखालीच द्यायचं, कारण गप्प बसून वाचणारे शेकडो असतात: "दादा, पेरणीची तारीख आणि त्याआधी पाऊस किती झाला ते सांगा, टॅग व बिलाचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवा, उद्या आमचा माणूस येईल." यात कबुली कुठेच नाही. तपासणीआधी "पेरणी खोल झाली असेल" असं लिहायचं नाही आणि भरपाईही कबूल करायची नाही. खोल पेरणीनं किंवा पावसाच्या खंडानं उगवण जाते हे खरं, पण ते शेत पाहिल्यावर बोलायचं. निकाल लागला की त्याच कमेंटखाली परत येऊन लिहायचा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

पेजवाला: मित्रांना दिसते हे मला माहीत नव्हतं. पण लॉट नंबर उघडपणे येऊ देऊ नका. एकानं लिहिला की दहाजण तोच उतरवतात, स्पर्धक कंपनीची माणसंही त्यात असतात.

नऊ हंगाम: उतरवतात, मान्य. म्हणून तर टॅगचा फोटो मागायचा. 41 हा आकडा फोटो पाहून मोजलेला होता.

तुरीचं वावर: मंग आमचं काय? माह्या शेजाऱ्याच्या घरी त्याच लॉटच्या तीन बॅगा पडून होत्या. नंबर पेजवर असता तर त्यानं आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून पाह्यले असते. त्यानं पेरलं. जुलैच्या मध्यापर्यंतच सोयाबीन पेरता येते, दुबार पेरणीले दिवसच किती राह्यतात? तुमची तपासणी होईतोवर आम्ही पेरून मोकळे होतो.

नऊ हंगाम: दादा, यावर कंपनीच्या आत माझं दोनदा भांडण झालं आहे. तपासणीआधी लॉट जाहीर करायला एकदाही परवानगी मिळाली नाही. एवढंच करता आलं: "घरी बियाणं शिल्लक असेल तर पेरण्याआधी शंभर दाण्यांची उगवण पाहा, सत्तरच्या खाली उगवले तर पेरू नका, आम्हाला कळवा" ही पोस्ट त्याच दिवशी सगळ्यात वर पिन केली. नंबर नव्हता त्यात.

पेजवाला: तेवढंच बरोबर. नंबर नकोच.

तुरीचं वावर: नंबर पायजेच.

दारव्ह्याची लेक: सोमवारी दुसरी फेरी आहे. शेड्यूल थांबवणं आणि 41 ची मोजणी सांगेन. लॉटचं विचारलं तर मी दादांच्या बाजूनं बोलणार आहे.