मदत हवी आहे: cos 2x + 2 sin x = k ला नक्की किती सोल्युशन्स?

ऐरोली_बारावी

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे. राहते ऐरोलीला, क्लास ठाण्यात. रविवारच्या टेस्टमध्ये हा प्रश्न होता:

cos 2x + 2 sin x = k, 0 ≤ x < 2π. k = 1 असताना किती सोल्युशन्स? k बदलत गेला तर ही संख्या कशी बदलेल?

आधी ग्राफ काढला. नेहमीचे पाच कोन घेतले: 0, π/2, π, 3π/2, 2π. किमती आल्या 1, 1, 1, −3, 1. म्हणजे 0 पासून π पर्यंत ग्राफ चक्क सपाट! मग k = 1 ला अगणित सोल्युशन्स होतील. हे काहीतरीच दिसतंय म्हणून सगळं खोडलं.

मग sin x = t धरलं. cos 2x = 1 − 2t², म्हणून 1 + 2t − 2t² = k. k = 1 ला t = 0 आणि t = 1. एका t ला दोन x मिळतात, म्हणून 4 लिहिलं. उत्तर दिलंय 3. आणि वाशीची मैत्रीण सांगते की तिच्या शीटमध्ये हाच प्रश्न आहे आणि उत्तर 4 आहे! सरांना विचारलं तर "ग्राफ नीट काढ" एवढंच म्हणाले. नीट म्हणजे कसा?

कळवा_सेकंडइयर

ग्राफच्या भानगडीत पडूच नकोस. 2t² − 2t + (k − 1) = 0 असं लिही आणि डिस्क्रिमिनंट बघ. 4 − 8(k − 1) शून्यापेक्षा मोठा हवा, म्हणजे k < 3/2. तिथे दोन t, प्रत्येकाला दोन x, एकूण 4. k = 3/2 ला एकच t, म्हणून 2. त्याच्या वर शून्य. दोन मिनिटांचं काम. तुझं 4 बरोबर आहे, उत्तरपत्रिका चुकली असणार. आमच्या वेळी पण चुकायच्या.

बाबा_घणसोली

माझा मुलगा दहावीत आहे, पण कुतूहल म्हणून करून बघितलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर x = 30 टाकला. cos 60 अधिक 2 गुणिले sin 30. उत्तर आलं −2.93. म्हणजे k = −2.93 हेच उत्तर ना? की आणखी काही शोधायचं आहे?

फळ्यावरचा

घणसोलीकर, तुमचा मोबाइल रेडियनमध्ये आहे. त्याने 30 अंश घेतलेच नाहीत, 30 रेडियन घेतले. अंशांवर आणलात तर 1/2 + 1 = 1.5 येईल. आणि k आपण शोधायचा नाहीये. k ही आडवी रेघ समजा. ती वर-खाली सरकवायची आणि प्रत्येक उंचीवर वक्राला किती ठिकाणी लागते ते मोजायचं.

पण तुम्ही नकळत नेमका 30 अंशांना हात घातलात, कारण खरी गोम तिथेच आहे. ऐरोलीच्या मुली, तुझे पाचही बिंदू अचूक आहेत. फक्त त्यांच्यामधल्या जागेत काय चाललंय ते तू पाहिलंच नाहीस. हे पाच कोन sin x साठी पुरतात, कारण त्याचे चढउतार तिथेच बदलतात. इथे cos 2x दुप्पट वेगाने फिरतोय. वक्र कुठे वळतो ते डेरिव्हेटिव्ह सांगेल:

−2 sin 2x + 2 cos x = 2 cos x (1 − 2 sin x)

हा शून्य होतो π/6, π/2, 5π/6 आणि 3π/2 ला. म्हणजे वळणं चार आहेत आणि त्यातली दोन तुझ्या यादीत नव्हतीच. आता पेन्सिल घे. 0 ला उंची 1. तिथून चढत π/6 ला 1.5. मग उतरत π/2 ला पुन्हा 1. पुन्हा चढत 5π/6 ला 1.5. उतरत π ला 1, तसाच खाली 3π/2 ला −3, आणि वर येत 2π ला 1. उंटाच्या पाठीसारखी दोन मदारी, त्यांच्यामध्ये एक छोटी खळगी, आणि उजवीकडे खोल दरी. तू सपाट काढलास तिथे खरं तर दोन टेकड्या होत्या.

आता रेघ वरून खाली आण. 1.5 च्या वर काहीच लागत नाही. 1.5 ला दोन्ही टेकड्यांचे माथे टेकतात: 2. त्याच्या खाली, पण 1 च्या वर, प्रत्येक टेकडीच्या दोन्ही उतारांना छेदते: 4. 1 च्या खाली आलं की टेकड्या सुटल्या, फक्त दरीच्या दोन भिंती उरल्या: −3 पर्यंत 2. −3 ला दरीचा तळ: 1. त्याखाली शून्य.

k = 1 मुद्दाम वगळलं. तिथे काय होतं ते तू सांग.

कळवा_सेकंडइयर

पण मग k = 0 ला 4 का नाही? डिस्क्रिमिनंट तर 12 आहे.

फळ्यावरचा

मुळं काढ ना. (1 ± √3)/2, म्हणजे सुमारे 1.37 आणि −0.37. t हा sin x आहे, तो 1.37 कसा होईल? डिस्क्रिमिनंटला t कुठून आला हे माहीत नसतं. t चा पॅराबोला काढायला हरकत नाही, पण तो −1 आणि 1 ला कापून टाकायचा. k जेव्हा 1 च्या खाली जातो, तेव्हा एक मूळ t = 1 ओलांडून बाहेर पडतं. 4 चे 2 होतात ते म्हणून.

ऐरोली_बारावी

थांबा, काढला ग्राफ. (घरी पोचल्यावर काढलाय, ट्रेनमध्ये मदारी डोंगरासारख्या येत होत्या.) k = 1 ची रेघ 0 ला लागते, π/2 च्या खळगीच्या तळाला टेकते, π ला छेदते आणि 2π ला लागते. चार! मग माझंच बरोबर ना?

फळ्यावरचा

प्रश्नातला शेवटचा कंस वाच. 0 ≤ x < 2π. 2π घ्यायचा नाही. उरले 0, π/2, π. तीन.

आणि तुझं 4 कसं आलं होतं ते आठव. तू म्हणालीस t = 0 ला दोन आणि t = 1 ला दोन. t = 1 ला x एकच, π/2. आणि t = 0 ला 2π धरून तीन: 0, π, 2π. एक जास्त धरलास, एक कमी धरलास, बेरीज जुळली. मैत्रिणीच्या शीटमध्ये [0, 2π] असं दोन्हीकडे चौकटी कंस असणार. तिथे हेच कारण लिहून तुला पूर्ण मार्क मिळाले असते, आणि चूक कधीच कळली नसती.

"एका t ला दोन x" हे −1 आणि 1 च्या मधेच खरं. टोकांना एक. आणि इंटरव्हलच्या कडेवर 0 सापडला तर त्याचा हिशोब वेगळा. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात प्रिन्सिपल सोल्युशन 0 ≤ θ < 2π असं धरतात, त्यामुळे बोर्डवाल्या मुलांना तीच सवय असते. एंट्रन्सचे पेपर कधी असा, कधी तसा कंस देतात.

ऐरोली_बारावी

मैत्रिणीला फोटो मागितला. झेरॉक्सची झेरॉक्स आहे, शेवटचा कंस अर्धा पुसलाय. चौकटीसारखा वाटतो, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही 😅

अजून एक. कंसाने फरक पडतो तो फक्त k = 1 लाच का? बाकी k ना का नाही?

फळ्यावरचा

कारण 0 आणि 2π ला वक्राची उंची 1 आहे. रेघ दुसऱ्या कुठल्याही उंचीवर असेल तर ती त्या टोकांना लागतच नाही, मग टोक आत धरा की बाहेर. म्हणून ग्राफ काढला की आधी दोन्ही टोकांच्या उंचीपुढे खूण करायची. कंसाचा वाद तेवढ्या एकाच k पुरता असतो.

गंमत म्हणून इंटरव्हल सरकव. [−π/2, 3π/2] घे. लांबी तीच, वक्र तोच, पण टोकं आता दरीच्या तळाशी आली, दोन्हीकडे उंची −3. आता k = 1 ला निर्विवाद तीन, आणि भांडण k = −3 ला: चौकटी कंस असतील तर 2, एक टोक उघडं असेल तर 1.

तिरकी_रेघ

माझंही असंच अडलंय म्हणून इथेच विचारतो. sin x = x/10 ला 7 सोल्युशन्स हे मला कळलं. 10 च्या पुढे रेघ 1 च्या वर जाते, तोपर्यंत मोजायचं. उजवीकडे 3, डावीकडे 3 आणि शून्य. पण sin x = kx असेल तर कुठल्या k ला 7 चे 3 होतात? मी म्हटलं, दुसऱ्या शिखराला, 5π/2 ला, रेघ टेकेल तेव्हा. k = 2/(5π), सुमारे 0.1273. मित्र म्हणतो चूक.

फळ्यावरचा

मित्र बरोबर आहे. आडवी रेघ शिखराला टेकते, कारण शिखरावर वक्रही आडवाच असतो. तिरकी रेघ शिखराच्या थोडं अलीकडे, जिथे वक्राचा चढ रेघेइतका आहे, तिथे टेकते. sin x = kx आणि cos x = k दोन्ही एकदम हवं, म्हणजे tan x = x. ते हाताने सुटत नाही. अंदाजे x = 7.725, k = 0.1284. म्हणून k = 0.128 घेतलास तर रेघ शिखराच्या वरून जाते, तरी अलीकडे दोनदा छेदतेच.

तिरकी_रेघ

म्हणजे परीक्षेत असा k विचारणारच नाहीत?

कळवा_सेकंडइयर

अचूक नाही विचारणार, पण "x/8 ला किती" असं विचारू शकतात. 0.125 आहे, म्हणजे 7च.

माझा मात्र एक मुद्दा उरतोच. k = 3/2 ला t = 1/2 हे दुहेरी मूळ आहे. मग 2 का, 4 का नाही? आमच्याकडे मूळ किती पदरी ते धरून मोजायला शिकवलंय.

फळ्यावरचा

"किती सोल्युशन्स" म्हटलं की वेगवेगळे x मोजायचे. π/6 आणि 5π/6, दोनच.

कळवा_सेकंडइयर

प्रश्नात "वेगवेगळे" कुठे लिहिलंय? मला अजून पटलेलं नाही.

बाबा_घणसोली

अंशांवर आणलं. 1.5 आलं. आता 150 टाकून बघतो.