मदत हवी आहे: एक तारा आणि तीन तारे दिलेल्या अभिप्रायांतून खरी तक्रार कशी ओळखावी?

पायताणवाला: नमस्कार. कोल्हापुरात आमचे चपलांचे दुकान असून आम्ही ऑनलाइनही विक्री करतो. एक तारा दिलेले 40 आणि तीन तारे दिलेले 25 अभिप्राय मी वहीत उतरवले आहेत. पहिल्या गटात ‘फसवणूक’, ‘पैसे पाण्यात गेले’ अशी भाषा आहे. दुसऱ्या गटातील लोक मात्र शांतपणे लिहितात, ‘कातडे चांगले, वेणी सुबक, पण अंगठ्यापाशी घट्ट होते.’ ‘घट्ट’ हा शब्द पहिल्या गटात 12 आणि दुसऱ्या गटात 10 जणांनी वापरला आहे. म्हणजे घट्टपणामुळेच लोक एक तारा देतात का? माप बदलायचे तर कारागिरांकडचे सगळे साचे नव्याने करावे लागतील, म्हणून विचारतो.

रंकाळाकाठ: एक तारा देणारे रागाच्या भरात लिहितात, ते सोडून द्यावेत. तीन तारे देणाऱ्यांच्या वाक्यात ‘पण’नंतर जे येते, तीच खरी तक्रार.

वहीखाते: ‘पण’चे म्हणणे बरोबर आहे, परंतु रागावलेल्यांना सोडू नये. आधी प्रमाण पाहा: 40 पैकी 12 म्हणजे 30 टक्के आणि 25 पैकी 10 म्हणजे 40 टक्के. घट्टपणा तीन ताऱ्यांतच अधिक आहे, म्हणजे केवळ त्यापायी माणूस एक ताऱ्यापर्यंत उतरत नसावा. ते 12 अभिप्राय पुन्हा पूर्ण वाचा आणि घट्टपणासोबत आणखी काय लिहिले आहे ते पाहा. ‘चावते’, ‘बोटे आखडतात’ हेही त्याच तक्रारीत धरा. ‘घट्ट नाही’ असे लिहिले असेल तर ते वगळा.

मिसळकट्टा: आमच्या खानावळीलाही दोन जणांनी एक तारा दिला आहे. असे अभिप्राय काढून टाकता येतात का?

वहीखाते: येथे प्रश्न अभिप्राय समजून घेण्याचा आहे, आपण वेगळा धागा काढावा.

पायताणवाला: वाचले. एकाने ‘घट्ट नाही, उलट सैल आहे’ असे लिहिले होते, तो वगळला. उरलेल्या 11 पैकी 9 जणांच्या लिखाणात ‘बदलून’ हा शब्द आहे. एका ताईंनी लिहिले आहे, ‘एक नंबर मोठी बदलून मागितली, तीन वेळा फोन केला, कोणी उचललाच नाही, ही फसवणूक आहे.’ तीन ताऱ्यांत ‘बदलून’ एकदाच आला आहे. वाचून फार वाईट वाटले, कारण तो फोन माझ्याच गल्ल्यावर असतो.

वहीखाते: म्हणजे चप्पल दोघांनाही घट्ट झाली, ‘फसवणूक’ हा शब्द मात्र फोन न उचलल्यामुळे आला असावा. तरीही एक शंका उरते. तीन तारे देणाऱ्यांनी बदलून मागितलीच नसेल, की मागितल्यावर लगेच मिळाली असेल? हे अभिप्रायांतून कळणार नाही, त्यासाठी बदलीची नोंद लागेल.

रंकाळाकाठ: तरीही तीन तारे देणाऱ्यांपैकी 40 टक्के लोक घट्ट म्हणतात, तेव्हा मापही तपासावेच लागेल.

पायताणवाला: बदलीची नोंद आम्ही ठेवलेलीच नाही. आजपासून फोनजवळ वही ठेवली आहे. साच्यांचा निर्णय तूर्त थांबवतो.