मदत हवी आहे: एक्झिट पोलमधील त्रुटी-मर्यादा आणि नमुन्याचा आकार

दोन उमेदवारांच्या लढतीत ९५ टक्के विश्वासपातळीवर मतांच्या टक्केवारीतील त्रुटी ±३ ऐवजी ±१ टक्क्यावर आणायची, तर साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्राने १,०६७ ऐवजी ९,६०४ मतदार लागतात. मात्र एक्झिट पोलमध्ये आधी मतदान केंद्रे निवडली जातात आणि एकाच केंद्रावरचे मतदार बरेचसे सारखे मत देतात. हा अंतर्गत सहसंबंध ०.०५ धरून प्रत्येक केंद्रावर ४० जणांना विचारले, तर १ + ३९ × ०.०५ = २.९५ या गुणकाने नमुना सुमारे २८,३०० वर, म्हणजे ७०८ केंद्रांवर जातो. ०.०५ हा आकडा मात्र मी केवळ अंदाजाने घेतला आहे. मागील निवडणुकीच्या केंद्रनिहाय निकालांवरून तो काढणे योग्य ठरेल का, आणि उत्तर नाकारणाऱ्यांमुळे येणारा कल, जो नमुना वाढवूनही कमी होत नाही, तो कसा हाताळावा?