मदत हवी आहे : ११२ पानांच्या प्रबंधाच्या ४६ स्लाइड झाल्या, कोणत्या प्रकरणातून काय वगळावे?

भूजल_विद्यार्थिनी
पर्यावरणशास्त्राच्या एम. एस्सी.साठी मी यवतमाळ जिल्ह्यातील ४० विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइडचा अभ्यास केला आहे. उन्हाळ्यातील १४ नमुन्यांत फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर आढळले आणि नेमक्या त्याच ठिकाणी कॅल्शियम कमी होते, हा मुख्य निष्कर्ष आहे. सादरीकरणास २० मिनिटे आहेत. मात्र सरावात पूर्वसंशोधनाचा आढावा संपेपर्यंतच १३ मिनिटे गेली. पुढे १८ तक्ते आहेत, आणि एखादा गाळला तर बाह्य परीक्षक "हे केलेच नाही का?" असे विचारतील, अशी भीती वाटते.

सोपे_गणित
मिनिटाला एक स्लाइड धरा, म्हणजे पाच प्रकरणांना प्रत्येकी चार. परीक्षकांनी प्रबंध वाचलेला असतो, त्यामुळे आढावा पूर्ण काढून टाका.

निवृत्त_मार्गदर्शक
एकूण संख्या ठीक आहे, पण समान वाटणी करू नका. निष्कर्षाचे वाक्य कागदावर लिहून मागे चालत या आणि ज्या स्लाइडवाचून ते वाक्य लंगडे पडत नाही, ती बाजूला काढा. आढाव्यातून ज्यांच्या पुढे तुम्ही गेलात, ते दोन-तीन अभ्यास तेवढे राहू द्या. कार्यपद्धतीत नमुन्यांच्या जागांचा नकाशा, फ्लोराइड कसे मोजले आणि आयन संतुलनातील त्रुटी ±५ टक्क्यांच्या आत होती की नाही, एवढे पुरे. कठीणतेच्या अनुमापनाची कृती कोणी विचारत नाही. सहसंबंधाचा तक्ता मागच्या बाकावरून वाचता येत नाही. त्याऐवजी कॅल्शियम आणि फ्लोराइड यांचा एकच बिंदू-आलेख दाखवा आणि कॅल्शियम कमी असले की खडकातील फ्लुओराइट हे खनिज अधिक विरघळते, हे तिथेच सांगा. उरलेले तक्ते आभाराच्या स्लाइडनंतर ठेवा आणि त्यांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना क्रमांक टंकून एंटर दाबले की ती स्लाइड उघडते.

दप्तर_वाचक
माझा विषय इतिहास आहे आणि माझ्याकडे ३० मोडी कागदांची छायाचित्रे आहेत. तीही आभारानंतर ठेवावीत का?

निवृत्त_मार्गदर्शक
सगळी नाहीत. तुमच्याकडे कागद हाच पुरावा आहे. ज्या ओळीच्या वाचनावर तुमचा मुद्दा उभा आहे, ती ओळ मोठी करून मुख्य भागातच दाखवा.

भूजल_विद्यार्थिनी
आता १९ स्लाइड उरल्या आहेत, तरी २२ मिनिटे लागतात. पाण्याचा प्रकार दाखवणारी पायपर आकृती वगळावी का? आमच्या मार्गदर्शकांना ती हवी आहे.

निवृत्त_मार्गदर्शक
तिच्यावरून एखादे वाक्य बोलणार नसाल, तर मागे टाका.

खडक_पाणी
मी सहमत नाही. परीक्षक भूशास्त्राचे असतील, तर पाण्याचा प्रकार ते आधी त्याच आकृतीत शोधतील, आणि उच्च फ्लोराइडचे नमुने सोडियम-बायकार्बोनेटच्या कोपऱ्याकडे सरकलेले असतील, तर तुमचा मुद्दा तिथेच दिसेल. त्याऐवजी जिल्ह्याच्या हवामानाची स्लाइड काढा.

भूजल_विद्यार्थिनी
उच्च फ्लोराइडच्या १४ नमुन्यांपैकी ९ त्या कोपऱ्यात आहेत, पाच नाहीत. हवामानाची स्लाइड काढली आहे. त्या पाच नमुन्यांबद्दल आपणहून बोलावे की प्रश्नाची वाट पाहावी?