मदत हवी आहे: बिस्किटाच्या पाकिटावरचे आकडे नेमके कसे वाचायचे?

वैदेही_नाशिक

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८) मार्च महिन्यात मधुमेह निघाला. गोड जवळजवळ बंद केलंय, पण चहाबरोबरची बिस्किटं सुटत नाहीत. सकाळी चार, संध्याकाळी चार. मी दोन पाकिटं आणून त्यांच्यासमोर ठेवली, तर ते भिंग घेऊन बसले आणि म्हणाले, "ही डायजेस्टिव्हवाली चांगली, यात साखर २.६ ग्रॅमच आहे. दुसरीत ४.२ आहे."

मला ते पटलं नाही, पण चूक कुठे आहे हे सांगताही आलं नाही. दोन्ही पाकिटांवरचं उतरवून देते.

पाकीट 'अ', डायजेस्टिव्ह: सर्व्हिंग साईज १५ ग्रॅम (अंदाजे २ बिस्किटं). १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४८२ किलोकॅलरी, कार्बोहायड्रेट ६८ ग्रॅम, त्यात ॲडेड शुगर १७.५ ग्रॅम, फॅट २० ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ९ ग्रॅम. घटक या क्रमाने: रिफाइंड व्हीट फ्लोअर, पाम तेल, आटा १२%, साखर, गव्हाचा कोंडा, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, मग मीठ वगैरे.

पाकीट 'ब', साधं आट्याचं: सर्व्हिंग साईज ३० ग्रॅम. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४६५ किलोकॅलरी, कार्बोहायड्रेट ७० ग्रॅम, ॲडेड शुगर १४ ग्रॅम, फॅट १७ ग्रॅम. घटक: आटा ५५%, पाम तेल, साखर, मग बाकीचं.

यातलं काय बघायचं आणि काय सोडायचं? बाबांना समजेल असं कुणी सांगेल का?

सह्याद्री_७२

ताई, सोपं आहे. घटकांची यादी बघायची. जे जास्त ते आधी लिहावं लागतं. पहिल्या तिनात साखर नसेल तर बिनधास्त घ्या. 'अ' मध्ये साखर चौथी, 'ब' मध्ये तिसरी. बाबांचं बरोबर आहे. शिवाय 'अ' मध्ये पहिलं नाव व्हीट फ्लोअर म्हणजे गव्हाचंच पीठ आहे की.

कणीक_आणि_कोंडा

मी बारा वर्षं एका बेकरी-उत्पादनांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते. लेबलचा मजकूर तपासायचं कामही माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सह्याद्री दादा, उतरत्या क्रमाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. जो घटक वजनाने जास्त टाकला, तो आधी येतो. पण 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. आख्ख्या गव्हाचं पीठ असेल तर आटा किंवा होल व्हीट असं लिहिलेलं असतं. मैदाही गव्हाचाच असतो, म्हणून नुसत्या 'व्हीट' शब्दावर जाऊ नका. 'अ' मध्ये आटा फक्त १२ टक्के आहे. वेष्टणावर एखाद्या घटकाचा ठळक उल्लेख किंवा चित्र असेल तर त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते, म्हणून हा आकडा तिथे आला. हे टक्के नेहमी शोधा, कारण त्यांच्या आधाराने बाकीच्या घटकांचाही अंदाज बांधता येतो.

साखरेचंच बघा. 'अ' मध्ये साखर आट्याच्या मागे आहे, म्हणजे ती १२ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. पण तक्त्यात ॲडेड शुगर १७.५ आहे. मग बाकीची कुठून आली? पुढे इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज आहे ना, तिथून. तिन्ही गोड घटक वेगवेगळ्या नावांनी आले की प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि प्रत्येक जण यादीत खाली सरकतो. एकत्र मोजले असते तर साखर आट्याच्या वर बसली असती. कारखाने हे मुद्दाम करतात असं म्हणत नाही. बिस्किटाला रंग येण्यासाठी आणि खुसखुशीतपणासाठी सिरप लागतंच. पण साखर यादीत कितवी आहे एवढ्यावर निर्णय घेतला की माणूस फसतो. म्हणून क्रमाबरोबर तक्त्यातली ॲडेड शुगरची ओळही वाचायची.

पेठेतला_अभियंता

एक शंका. यादीतले टक्के कच्च्या मालाचे आणि तक्ता भाजलेल्या बिस्किटाचा. पाणी उडून गेलं की टक्का आपोआप वाढणार. मग १२ आणि १७.५ ची तुलना चालते का?

कणीक_आणि_कोंडा

शंका रास्त आहे. घटकांचा क्रम मिसळतानाच्या वजनावर असतो आणि भट्टीत ओलावा जातो, त्यामुळे तुलना ढोबळच आहे. समजा ११२ ग्रॅम मिश्रणातून १०० ग्रॅम बिस्किट निघालं. तरी १२ टक्क्यांची साखर साडेतेराच्या आसपास जाईल, साडेसतरावर नाही. फरक मोठा असेल तेव्हाच हा तर्क लावायचा. १२ आणि १३ असते तर मी गप्प बसले असते.

आता वैदेहीचा मूळ प्रश्न. २.६ आणि ४.२ हे सर्व्हिंगचे आकडे आहेत. एक सर्व्हिंग १५ ग्रॅमची, दुसरी ३० ग्रॅमची. म्हणजे एका वाटीतला भात आणि दोन वाट्यांतला भात शेजारी ठेवून कमी कुठला ते विचारण्यासारखं झालं. तुलना करायची तर दोन्हीकडे १०० ग्रॅमचीच ओळ घ्या. तिथे 'अ' मध्ये साखर १७.५ आणि 'ब' मध्ये १४. बाबांनी निवडलेलं पाकीटच जास्त गोड आहे.

सह्याद्री_७२

मैद्याचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि सिरपचं तर माहीतच नव्हतं. आभार.

वैदेही_नाशिक

काकू, आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर 'अ' ची आठ बिस्किटं ठेवली. ६२ ग्रॅम भरली! पाकिटाच्या हिशोबाने ६० हवी होती, म्हणजे जवळजवळ बरोबरच. पण चार सर्व्हिंग होतात हे पाहून बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटत होतं ५ टक्के लिहिलंय म्हणजे दिवसभराचं ५ टक्के.

कणीक_आणि_कोंडा

ते ५ टक्के फक्त एका सर्व्हिंगचं. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारा माणूस आणि ५० ग्रॅम ॲडेड शुगर एवढी मर्यादा धरून तो टक्का काढतात. २.६ भागिले ५०, म्हणजे ५ टक्के. हा ठरावीक आधार आहे, तुमच्या बाबांसाठी काढलेला नाही. मधुमेह्याने ५० ग्रॅम हे आपलं लक्ष्य समजूच नये.

६० ग्रॅम धरून हिशोब करू. 'अ' ची आठ बिस्किटं म्हणजे साखर साडेदहा ग्रॅम, सुमारे दोन चहाचे चमचे. 'ब' ची तेवढ्याच वजनाची घेतली तर ८.४ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या चमच्याचा. आता कार्बोहायड्रेटची ओळ बघा. 'अ' मध्ये ४१ ग्रॅम, 'ब' मध्ये ४२. साधारण दोन मध्यम पोळ्यांमध्ये असतात तेवढे. पिठाचंही रक्तात ग्लुकोजच होतं, त्यामुळे रक्तशर्करेसाठी दोन्ही पाकिटं जवळपास सारखीच. हे सांगताना वाईट वाटतं, पण 'ब' घेतलं की प्रश्न सुटला असं नाही. खरा फरक आठाची चार केल्याने पडेल.

आणि सॅच्युरेटेड फॅट चुकवू नका. 'अ' च्या ६० ग्रॅममध्ये ५.४ ग्रॅम जातं. लेबलवरच्या टक्क्यासाठी दिवसाला २२ ग्रॅम धरतात, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा चहाबरोबरच संपला.

न्यूजर्सीकर_मावशी

इथे अमेरिकेत उलटं आहे. तक्ता सर्व्हिंगचाच असतो, १०० ग्रॅमचा बहुतेक नसतोच. मी ग्रॅमने भागून मग शंभराने गुणते. एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य लिहायला परवानगी आहे, म्हणून शून्य दिसलं की मी आधी सर्व्हिंग केवढी आहे ते बघते. पण वैदेही, बिस्किटं सोडून पापड द्या ना बाबांना. भाजलेला पापड साखरेचा नसतो.

रक्तदाब_आणि_मी

मावशी, पापडाचं नाव काढू नका! माझ्या मिस्टरांना बीपी आहे. आमच्या पापडाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १८०० मिलीग्रॅम सोडियम आहे. मी घाबरून सगळे शेजारी देऊन टाकले.

कणीक_आणि_कोंडा

ताई, सोडियम अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे १०० ग्रॅम पापडात साडेचार ग्रॅम मीठ. पण १०० ग्रॅम पापड एका वेळी कोण खातं? एक पापड १२ ग्रॅमचा धरला तर अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त मीठ झालं. दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा धरली तर एकाच पापडात दहावा हिस्सा गेला. फार नाही, पण रोज दोन आणि सोबत लोणचं असेल तर मोजायला हवं. दोन कंपन्यांचे पापड एकमेकांशी ताडून बघताना १०० ग्रॅमची ओळ, आणि पोटात किती जातं हे बघताना आपल्या ताटातलं वजन. बिस्किटाला जे लागू, तेच पापडाला.

पेठेतला_अभियंता

माझ्या आईसाठी 'नो ॲडेड शुगर' लिहिलेलं पेय आणलं. ॲडेड शुगर शून्य, पण कार्बोहायड्रेट ८२ आणि घटकांत दुसऱ्या क्रमांकावर माल्टोडेक्स्ट्रिन. हे कसं?

कणीक_आणि_कोंडा

माल्टोडेक्स्ट्रिन पिष्टापासून करतात. त्याचे रेणू लांब साखळीचे, म्हणून तक्त्यात ते साखरेच्या ओळीत न येता कार्बोहायड्रेटमध्ये मोजलं जातं. पण पोटात ते फार झटपट ग्लुकोजमध्ये मोडतं. म्हणजे शून्य खरं आहे, पण आईंच्या कामाचं नाही. अशा वेळी एकूण कार्बोहायड्रेट आणि घटकांची पहिली तीन नावं एकत्र वाचा. किती घ्यायचं ते मात्र डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारा. जेवणाआधी आणि नंतर ग्लुकोमीटरवर मोजलं तर आईंचा स्वतःचा आकडाही कळेल.

वैदेही_नाशिक

ठरलं असं: 'ब' पाकीट, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि पाकीट स्वयंपाकघराबाहेर येणार नाही. बाबांनी हिशोब एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावलाय. ते आता घरातलं प्रत्येक पाकीट उलटं करून वाचतात.

आज त्यांनी चिक्कीचं पाकीट आणलं. त्यावर 'नो शुगर, ओन्ली जॅगरी' असं मोठ्या अक्षरांत आहे आणि घटकांत शेंगदाण्यांनंतर गूळ. म्हणतात, गूळ साखर नाही. काय सांगू?

कणीक_आणि_कोंडा

मागे टोटल शुगरचा आकडा किती आहे? तो लिहा, मग बोलू. गुळातही मुख्यतः तीच उसाची साखर असते. एका तुकड्याचं वजनही करून टाका.