मदत हवी आहे: खाली तृतीया छापली, मग संकष्टी कशी?

भाऊ लोकं, जरा समजावून सांगा न. अमावस्येनंतर चंद्र वाढते तो शुद्ध पक्ष अन् पौर्णिमेनंतर घटते तो वद्य, येवढं मले समजते. पण कॅलेंडरात तारखेखाली वद्य तृतीया हाय अन् त्याच चौकटीत संकष्टी. सासूबाई म्हणे सूर्योदयाले जे तिथी असते तेच छापतात, तृतीया दुपारी तीनले संपते, रात्री चंद्र निघते तवा चतुर्थी असते म्हणून उपास त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी चतुर्थी असली तरी नाही. हे पटलं बा. पण भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीले तर चंद्र पाहतच नाहीत, मग तिचा दिवस कोणत्या वेळेवरून धरतात? अन् एक तिथी कधी 20 तासाची, कधी 26 ची, असं कावून?