रात्री वायफाय बंद व्हायची वेळ लावली, तरी नेटवर्क दिसतंच आहे – मदत हवी आहे

सायली_के
नमस्कार. आमचा राउटर माझ्या उशीपासून जेमतेम मीटरभर लांब आहे. तार तिथेच येते, त्यामुळे हलवता येत नाही. रात्री ११ ते सकाळी ६ वायफाय बंद राहावं, थोडी वीज वाचावी आणि झोपेत डोक्याशी लहरी नसाव्यात, एवढीच इच्छा. राउटरच्या सेटिंगमध्ये Parental Controls खाली वेळापत्रक सापडलं, ते लावलं. ११ ला नेट बंद झालंही. पण काल रात्री दीडला जाग आली तेव्हा फोनच्या यादीत आमचं नेटवर्क भरलेल्या काड्यांसकट दिसत होतं. वीज मोजणारा प्लग लावला आहे, तो दिवसाही ७ वॅट दाखवतो आणि तेव्हाही ७ च. कुठे चुकतंय?

मंदार_७१
Hide SSID करा, नाव दिसायचं बंद होईल. मी तसंच केलंय.

अनिकेत_नेट
मंदार, नाव दिसायचं बंद होईल हे खरं, पण रेडिओ बंद होणार नाही. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाक देत असतो, तिला बीकन म्हणतात. नाव लपवलं की त्या हाकेतलं नाव तेवढं जातं, हाक चालूच राहते.

सायली, तुम्ही लावलंय ते मुलांचं नेट तोडायचं वेळापत्रक. त्यात इंटरनेट अडवलं जातं, रेडिओला हात लागत नाही. Wireless किंवा Advanced खाली Wireless Schedule असं काही आहे का बघा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन वेगळे रेडिओ असतात, त्यामुळे काही राउटरांवर दोन्हींना वेळ वेगवेगळी लावावी लागते. ११ ते ६ ही वेळ मध्यरात्र ओलांडते. तुमचा राउटर ती एका ओळीत घेत नसेल, तर ११ ते १२ आणि १२ ते ६ अशा दोन ओळी करा.

रेवा_जोशी
आमच्याकडे असंच केलं, तर दारावरचा कॅमेरा रात्रभर मुका झाला. तो वायफायवरच होता. सकाळी रेकॉर्डिंग बघायला गेले तेव्हा कळलं.

प्रसाद_मु
मुलं रात्री जागून फोन बघतात म्हणून ना? फोनमध्येच वेळेची मर्यादा लावा, राउटरला हात लावायची गरजच नाही.

सायली_के
नाही प्रसाद, मुलांचा प्रश्न नाही, रेडिओच बंद हवा आहे.
अनिकेत, Wireless Schedule सापडलं! काल रात्री दोन्ही बँड बंद झाले, यादीतून नाव गेलं आणि प्लगवर ५.६ वॅट दिसले. पण फरक एवढाच?

अनिकेत_नेट
हो, एवढाच असतो. १.४ वॅट गुणिले ७ तास म्हणजे रात्रीला सुमारे १० वॅट-तास, वर्षाला साडेतीन युनिटच्या आसपास. बाकीची वीज प्रोसेसर आणि अडॅप्टर खातात. टायमरच्या प्लगने अख्खा राउटर बंद केलात तर वर्षाला १८ युनिटपर्यंत वाचतील. मात्र फर्मवेअर अपडेट होत असताना वीज तुटली तर राउटर निकामी होऊ शकतो, म्हणून आपोआप अपडेटची वेळ रात्रीची नाही ना, ते बघा.

लहरींबद्दल. १०० मिलीवॅटचा रेडिओ अखंड पूर्ण ताकदीने चालतोय असं धरलं, तरी एक मीटरवर चौरस मीटरला ०.००८ वॅट येतात. अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या ICNIRP या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा चौरस मीटरला १० वॅट आहे. आणि रात्री वापर नसताना राउटर बीकनपुरताच बोलतो. तुम्ही फोन उशाशी ठेवता का? वायफाय गेलं की तो मोबाइल डेटावर जातो, आणि टॉवरची रेंज कमी असेल तर जास्त ताकदीने बोलतो, तेही डोक्यापासून वीतभर अंतरावरून. त्यालाही विमानमोडवर टाका, नाहीतर राउटर बंद करून उलटंच व्हायचं.

सायली_के
फोन उशाशीच असतो, गजरासाठी. हे लक्षातच आलं नव्हतं. विमानमोडवर गजर वाजतो, आजपासून तसंच करते. पण २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या IARC या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी '२बी' गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्यांत घातल्या होत्या ना? म्हणून मन पूर्ण मानत नाही.

अनिकेत_नेट
घातल्या होत्या, पण त्यामागचा मुख्य आधार कानाला लावलेल्या मोबाइलच्या वापराचा अभ्यास होता. म्हणूनच मी फोनवर जोर देतोय. राउटरही बंद ठेवायचा तर जरूर ठेवा, त्यात तोटा नाही.

रेवा_जोशी
मध्येच वीज जाऊन आली तर वेळापत्रक टिकतं का? आमचा राउटर एकदा पहाटे तीनला सुरू झाला आणि वायफाय चालूच राहिलं.

अनिकेत_नेट
बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली की ते इंटरनेटवरून वेळ विचारतात, तोवर चुकीची तारीख धरून चालतात. वेळ कळल्यावर काही राउटर 'आता बंद असायला हवं' हे ओळखतात, काही थेट पुढच्या ११ ची वाट बघतात. तुमचा दुसऱ्या प्रकारचा दिसतो. सायली, तुम्ही आज रात्री १२ ला राउटर एकदा बंद-चालू करा, पाच मिनिटं थांबा आणि यादीत नाव येतं का सांगा. लॉगमध्ये तारीख १९७० ची दिसली तर आधी टाइम सर्व्हर तपासा.

सायली_के
करते, उद्या सकाळी लिहीन.